जात्यासमोरचा फोन हलला का, आडवा का झाला आणि वाजला का?

प्रश्न : माझी आई पहाटे जात्यावर बसली की अजूनही ओव्या म्हणते. त्या जपून ठेवाव्यात म्हणून मी ट्रायपॉड आणला आणि फोनवर चित्रण केले. तीन गोष्टी बिघडल्या. फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवलेला असूनही चित्र सतत थरथरते. जात्याच्या बरोबर वरून घेतलेले दुसरे चित्रण आडवे निघाले. त्यात आई कुशीवर झोपल्यासारखी दिसते. खरे तर स्क्रीन फिरू नये म्हणून मी लॉक लावले होते. तिसरी गोष्ट, फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर होता तरी पुण्याहून मुलाचा फोन आला, घंटी वाजली आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबले. एवढी काळजी घेऊनही असे का व्हावे? आणि झालेले चित्रण दुरुस्त होईल का? (एक वाचक भगिनी, वाई)

उत्तर : तुम्ही केलेले तिन्ही उपाय चुकीचे नव्हते. मात्र त्यातल्या प्रत्येकाचे आपण जे काम समजतो, त्यापेक्षा थोडे वेगळे काम तो करतो. ट्रायपॉड हाताचा कंप थांबवतो, जमिनीचा नाही. स्क्रीनचे लॉक स्क्रीनला अडवते, कॅमेऱ्याला नाही. आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ने जरुरीच्या फोनसाठी एक दार मुद्दाम उघडे ठेवलेले असते. एकेक करून पाहू.

आधी थरथर. उपाय करण्यापूर्वी ती कोणत्या जातीची आहे हे ओळखायला हवे, आणि ते घरबसल्या ओळखता येते. चित्रण पुन्हा लावा आणि आईकडे न पाहता मागच्या दाराच्या चौकटीकडे किंवा भिंतीच्या कडेकडे पाहा. चौकट फक्त पहिल्या दोन-तीन सेकंदांत हलत असेल, तर तो रेकॉर्डिंगचे बटण दाबताना तुमच्या बोटाने दिलेला धक्का आहे. चौकट हळूहळू एका बाजूला कलत जात असेल, तर कुठला तरी स्क्रू सैल आहे किंवा ट्रायपॉडचा पाय मऊ जागेत रुतत आहे. आणि जात्याच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर चौकट थरारत असेल, तर थरथर जमिनीतून येते. तुम्ही ‘सतत’ असे लिहिले आहे, त्यावरून तुमच्याकडे हा शेवटचा प्रकार असावा.

असे होण्याचे कारण सरळ आहे. जात्याची वरची तळी फिरते तेव्हा ती दर फेऱ्याला जमिनीला थोडी ढकलते. खुंटा आईच्या बाजूला येतो तेव्हा जोर एका दिशेला, पलीकडे जातो तेव्हा दुसऱ्या. जुन्या घरांत शहाबादी फरशी असते आणि तिच्यातला एखादा तुकडा खालून पोकळ झालेला असतो. जाते आणि ट्रायपॉडचा एखादा पाय अशा एकाच फरशीवर असतील, तर जात्याचा प्रत्येक धक्का थेट पायात शिरतो. जाते माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर असेल, तर सगळी जमीनच कमी-अधिक लवते. तुमच्या घरात काय आहे ते फरशीवर बोटाच्या पेराने ठोकून कळेल. घट्ट फरशीचा आवाज बसका येतो, पोकळ फरशीचा भरीव नसलेला, मोकळा.

जमिनीतला हा धक्का मुळात लहान असतो. तो मोठा होतो ट्रायपॉडच्या उंचीमुळे. गुढीची काठी बुडाशी किंचित हलली तरी वरचा तांब्या चांगलाच डोलतो, तसेच इथे होते. बहुतेकजण ट्रायपॉड आणला की त्याचे सगळे पाय पूर्ण ओढतात आणि मधला दांडाही वर चढवतात. त्या दांड्याला खाली तीन पायांचा आधार असला तरी वर तो एकटाच उभा असतो. त्याच्या टोकावर साधारण दोनशे ग्रॅमचा फोन बसवला की खालचा बारीकसा धक्काही वर दिसू लागतो.

तुमच्या कामाला एवढ्या उंचीची गरजच नाही. जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण पाऊण मीटरवर असतात आणि चेहऱ्याचे चित्रण डोळ्यांच्याच उंचीवरून सर्वांत नैसर्गिक दिसते. तेव्हा मधला दांडा पूर्ण खाली बसवा आणि पाय लागतील तेवढेच उघडा. पाय तीन तुकड्यांचे असतील तर वरचा जाड तुकडा आधी ओढा. सर्वांत खालचा बारीक तुकडा शक्यतो आतच राहू द्या, कारण तोच आधी वाकतो. तीन पायांपैकी एक पाय आईच्या दिशेने ठेवा. फोन पुढे झुकवला की वजन त्या दिशेला जाते आणि तिथे पाय असला की ट्रायपॉड नाक टेकत नाही.

नंतर वजन. बऱ्याच ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याखाली एक छोटा हूक असतो. त्याला कापडी पिशवीत दोन-एक किलो धान्य घालून लटकवा, पण पिशवीचे बूड जमिनीला अलगद टेकेल इतकी दोरी सोडा. पिशवी अधांतरी राहिली तर ती स्वतःच झुलू लागते आणि थरथर कमी होण्याऐवजी वाढते. ही चूक फार जणांकडून होते, म्हणून मुद्दाम लिहिले. ट्रायपॉड अगदी हलक्या प्लास्टिकचा असेल तर वजनही बेताचेच घाला, नाही तर पायांच्या बिजागऱ्या पसरतील.

पायांखाली काय घालायचे? जुन्या रबरी चपलेच्या तळव्याचे तीन तुकडे कापून घाला. रबर बारीक कंप थोडा गिळते आणि पाय सरकूही देत नाही. गादी किंवा घडी घातलेली गोधडी मात्र घालू नका. मऊ वस्तूत पाय हळूहळू रुततो आणि अर्ध्या तासाच्या चित्रणात चौकट केव्हा कलली ते कळतही नाही. सगळ्यात गुणकारी उपाय मात्र जागेचा आहे. ट्रायपॉड जात्याच्या फरशीवरून उचला आणि भिंतीलगतच्या, ठोकल्यावर बसका आवाज देणाऱ्या फरशीवर ठेवा. जात्यापासून दोन मीटर अंतर मिळाले तर फारच छान. जवळून चेहरा हवा म्हणून फोन जात्याला खेटवू नका. चेहरा मोठा करायला फोनमध्ये दूरचे जवळ आणणारी लेन्स असेल तर ती वापरा.

फोनच्या आत असलेल्या स्थिरीकरणावर विसंबू नये का, असा प्रश्न इथे मनात येईल. ‘सुपर स्टेडी’सारखी सोय चालताना किंवा पळताना हातात फोन असेल तेव्हासाठी केलेली असते. ती चित्राच्या चारही कडा थोड्या कापते आणि उरलेल्या चौकटीला आत इकडेतिकडे सरकवून हेलकावा लपवते. ट्रायपॉडवर लपवण्यासारखा हेलकावा नसतो. शिवाय पहाटेच्या कमी उजेडात ही सोय चित्र धूसर करते. म्हणून अशी खास सोय बंद ठेवावी. नेहमीचे साधे स्थिरीकरण चालू राहिले तरी बिघडत नाही.

फोन धरणाऱ्या क्लॅम्पकडेही एकदा पाहा. तो फोनच्या दोन लांब कडांना चिमटीत धरतो आणि पॉवरचे व आवाजाचे बटण याच कडांवर असते. चिमटा पॉवरच्या बटणावर बसला तर स्क्रीन बंद होऊन रेकॉर्डिंग थांबू शकते. आवाजाचे बटण बऱ्याच फोनमध्ये कॅमेरा उघडला की शटरचे काम करते, त्यामुळे तेही दाबले गेले तर चित्रण सुरू-बंद होते. ‘फोनने आपोआप बंद केले’ अशी तक्रार होते, तेव्हा अनेकदा दोष या चिमट्याचा असतो. चिमटा बटणांपासून बोटभर दूर सरकवा. मग फोनचे वजन एका बाजूला जास्त येते, तेव्हा खालचा स्क्रू नीट आवळा.

बटण दाबतानाच्या धक्क्याची चिंता करू नका. रेकॉर्डिंग सुरू करा, पाचपर्यंत मोजा आणि मगच आईला म्हणायला सांगा. सुरुवातीचे ते सेकंद नंतर कापून टाकता येतात. ब्लूटूथचे छोटे रिमोट मिळते, तेही चालेल. ते बहुधा फोनला आवाजाचे बटण दाबल्याचा निरोप पाठवते आणि कॅमेरा तो शटर म्हणून घेतो.

आता आडव्या चित्रणाचे कोडे. तिन्हींत हे मला सर्वांत आवडणारे, कारण इथे फोन अगदी नेमाने वागलेला असतो.

फोन उभा आहे की आडवा हे त्याला कसे कळते? त्याच्या आत एक बारीक चिप असते, अॅक्सेलरोमीटर नावाची. पृथ्वी आपल्याला कोणत्या दिशेला ओढते आहे हे ती तीन अक्षांवर मोजते : फोनच्या लांबीच्या दिशेने, रुंदीच्या दिशेने आणि जाडीच्या दिशेने. फोन उभा धरला की सगळी ओढ लांबीच्या अक्षावर येते. आडवा धरला की रुंदीच्या अक्षावर येते. यावरून फोन ठरवतो की वरची बाजू कोणती.

तुम्ही जात्याच्या बरोबर वर फोन सपाट धरला, कॅमेरा खाली आणि स्क्रीन छताकडे. अशा वेळी सगळी ओढ जाडीच्या अक्षावर जाते. लांबी आणि रुंदीच्या अक्षांवर जवळजवळ शून्य उरते. आता तुम्ही फोन टेबलावर ठेवलेल्या ताटासारखा कितीही गोल फिरवा, चिपला त्यातला फरक कळण्याचा मार्गच नाही. मग फोन काय करतो? आधीचा निर्णय कायम ठेवतो. तुम्ही फोन क्लॅम्पमध्ये बसवताना तो बहुधा उभा धरलेला होता. ‘उभा’ हा शेवटचा निर्णय तसाच राहिला, नंतर फोन सपाट केला, फिरवून आडवा लावला आणि बटण दाबले. फोनच्या लेखी चित्रण उभेच होते.

बटण दाबण्याचा तो क्षण महत्त्वाचा. कॅमेऱ्याचा सेन्सर फोनमध्ये पक्का बसवलेला असतो आणि तो नेहमी एकाच पद्धतीने चित्र टिपतो. रेकॉर्डिंग सुरू होताना फाइलमध्ये एक सूचना लिहिली जाते, की हे दाखवताना ९० अंश फिरवा, १८० अंश फिरवा किंवा फिरवू नका. ही सूचना सुरुवातीला एकदाच लिहिली जाते. चित्रण चालू असताना फोन वळवला तरी ती बदलत नाही. म्हणून ‘मध्येच लक्षात आले आणि फोन सरळ केला’ याचा उपयोग होत नाही; उलट पुढचा भाग आडवा दिसू लागतो. चुकल्याचे कळले तर थांबवा आणि नव्याने सुरू करा.

आणि तुमचे ते लॉक? ते स्क्रीनसाठी असते. अंथरुणावर पडून वाचताना मजकूर फिरू नये, एवढाच त्याचा हेतू. आयफोनच्या आणि बहुतेक अँड्रॉइड फोनच्या मूळ कॅमेऱ्यात हे लॉक लावलेले असले तरी कॅमेरा आपल्या चिपचेच ऐकतो. खात्री करायची तर लॉक लावा, कॅमेरा उघडा आणि फोन उभ्याचा आडवा करा. स्क्रीनवरची छोटी चिन्हे जागच्या जागी वळलेली दिसतील. ही चिन्हेच तुमचा खरा साक्षीदार. रेकॉर्डिंगचे बटण दाबण्यापूर्वी फ्लॅशचे चिन्ह आणि सेकंदांचे आकडे ज्या बाजूने सरळ वाचता येतात, ती बाजू चित्रणाची खालची बाजू होणार, हे लक्षात ठेवा.

मग वरून चित्रण घ्यायचे कसे? दोन मार्ग आहेत. पहिला असा. ट्रायपॉडवर फोन आधी तुमच्यासमोर भिंतीवरच्या तसबिरीसारखा उभ्या पातळीत, पण आडवा धरा. चिन्हे वळली की तो त्याच स्थितीत हळूहळू खाली झुकवा, मध्ये गोल न फिरवता. सपाट झाल्यावर चिन्हे तशीच आहेत हे पाहा आणि मग बटण दाबा. शेवटचा निर्णय आता ‘आडवा’ आहे, म्हणून चित्रण नीट येईल.

दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. फोन पूर्ण सपाट करूच नका. तो साधारण साठ-सत्तर अंश झुकवा, म्हणजे जाते आणि आईचे हात वरून दिसतील, पण फोनची एक कड थोडी उंच राहील. तेवढ्याने वर कोणते आणि खाली कोणते हे चिपला स्पष्ट कळते. याचा आणखी एक फायदा आहे. फोन बरोबर जात्यावर न्यायचा तर तो ट्रायपॉडच्या पायांच्या बाहेर लटकवावा लागतो आणि सगळा डोलारा पुढे कोसळण्याची भीती असते. खाली फिरते जाते आणि आईचे हात आहेत, त्यामुळे हा धोका घेण्यासारखा नाही. तरीही दांडा आडवा करून चित्रण करायचेच असेल, तर ज्या दिशेला फोन लटकतो त्याच दिशेला एक पाय ठेवा, उलट बाजूला पिशवीचे वजन टांगा आणि फोन सुतळीने दांड्याला बांधून टाका.

दर वेळी हे जपायचे नसेल, तर असे कॅमेरा अॅप घ्या ज्यात चित्रणाची दिशाच कुलूपबंद करता येते. अँड्रॉइडवर Open Camera नावाचे मोफत अॅप आहे. त्याच्या सेटिंग्जमध्ये Lock photo/video orientation असा पर्याय आहे. तो Landscape वर ठेवला की फोन कसाही धरा, फाइल आडवीच बनते. तुम्हाला हवे असलेले लॉक खरे तर हे होते.

आता मुलाचा फोन. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावले असताना घंटी वाजली म्हणजे सेटिंग बिघडली असे नाही. पहिला फोन शांतपणे अडवला गेला असणार. तुम्ही उचलला नाही म्हणून मुलाने लगेच दुसरा लावला आणि तो आत आला. आयफोनमध्ये एकाच नंबरवरून तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा आलेला फोन या बंदीतून सुटू शकतो. अँड्रॉइडमध्ये ही मुदत पंधरा मिनिटांची असते. विचार असा, की कोणी लागोपाठ दोनदा फोन करत असेल तर काम तातडीचे असणार. एरवी ही फार शहाणपणाची सोय आहे, चित्रणाच्या वेळी मात्र ती नडते. आपली माणसे फोन न उचलल्यास लगेच दुसरा लावतातच.

आयफोनवर ही सोय सेटिंग्जमध्ये Focus, मग Do Not Disturb, मग People इथे Allow Repeated Calls या नावाने दिसेल. अँड्रॉइडवर कंपनीनुसार मेनूची रचना बदलते, पण ‘डू नॉट डिस्टर्ब’च्या आत कॉल्सच्या भागात Repeat callers असा पर्याय असतो. तिथेच आवडत्या यादीतल्या नंबरांना सूट दिलेली आहे का, तेही पाहा. मुलाचे नाव त्या यादीत असेल, तर त्याचा पहिलाच फोन वाजला असेल.

सायलेंटवर ठेवले असते तर चालले असते का? नाही. सायलेंटने घंटी थांबते, फोन येणे थांबत नाही. त्यातून व्हायब्रेट चालू असेल तर आणखी वाईट. कंपाची छोटी मोटर फोनमध्येच असते आणि माइकही त्याच फोनमध्ये, बोटभर अंतरावर. ‘गर्रर्र’ असा आवाज ओवीवर चढतो आणि ट्रायपॉडवरचा फोन थरथरतो तो वेगळा. आलेला फोन किंवा मेसेज स्क्रीनवर दिसला म्हणून तो चित्रणात उमटेल, ही भीती मात्र काढून टाका. कॅमेरा समोरचे टिपतो, स्क्रीनवरचे नाही. चित्रणात शिरतो तो आवाज आणि कंप. आणि तो निरोप बाजूला सारायला तुम्ही बोट लावले, तर त्याचा धक्का.

फोन आल्यावर रेकॉर्डिंग थांबते की चालू राहते, हे फोनच्या बनावटीवर अवलंबून आहे. काही फोनवर ते कॉल येताच तुटते, काहींवर कॉल उचलल्यावरच तुटते, कारण बोलण्यासाठी माइक मोकळा करावा लागतो. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी : तुटलेले रेकॉर्डिंग कॉल संपल्यावर आपणहून सुरू होत नाही. त्यामुळे आई पुढे म्हणत राहते आणि तुम्हाला वाटते की चित्रण चालू आहे.

म्हणून चित्रणापुरता एअरप्लेन मोड लावा, ज्याला अनेकजण फ्लाइट मोड म्हणतात. त्याने मोबाइलचे जाळेच तुटते, मग कोणताही नेहमीचा फोन येत नाही. कॅमेरा, माइक आणि फोनमधली साठवण यांना नेटवर्क लागत नाही, त्यामुळे चित्रणावर काही परिणाम होत नाही. फक्त एक फट राहते. एअरप्लेन मोड असतानाही वाय-फाय चालू करता येते. तुम्ही पूर्वी कधी असे केले असेल तर बरेच फोन ते लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी वाय-फाय तसेच चालू ठेवतात. घरचे वाय-फाय चालू राहिले की व्हॉट्सअॅपवरचा कॉल बिनदिक्कत येतो. तेव्हा एअरप्लेन मोड लावल्यावर वाय-फायचे चिन्ह विझले आहे का, ते डोळ्यांनी पाहा. रिमोट किंवा ब्लूटूथचा माइक वापरत असाल तर ब्लूटूथ तेवढे चालू ठेवा.

एवढे करूनही एक आवाज राहतो, तो गजराचा. गजर फोनच्या आतच वाजतो, त्याला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे एअरप्लेन मोड त्याला अडवत नाही. आयफोनचा गजर सायलेंटवर आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्येही वाजतो, अँड्रॉइडमध्ये त्याला सहसा सूट दिलेली असते. तुमचे चित्रण पहाटेचे आहे आणि पहाट हीच तर गजरांची वेळ. रोजचा उठण्याचा गजर, गोळीची आठवण, कॅलेंडरमधला वाढदिवस, सगळे त्या तासापुरते बंद करा. खोलीतल्या बाकीच्यांचे फोनही दुसऱ्या खोलीत ठेवा.

घरात कोणी आजारी असेल किंवा फोन पूर्ण बंद ठेवणे शक्य नसेल, तर मुलाला आधीच कळवून घरातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर द्या. तो फोन आतल्या खोलीत चालू राहू द्या. कॅमेऱ्याचा फोन आणि निरोपाचा फोन वेगळा झाला की दोन्ही कामे नीट होतात. हे चित्रण कोणाला थेट दाखवायचे असेल तर मात्र नेटवर्क लागणारच. तेव्हा एअरप्लेन मोड चालणार नाही. फक्त ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि त्यातल्या सगळ्या सवलती बंद, एवढाच आधार उरतो.

प्रत्यक्ष दिवशी क्रम असा ठेवता येईल. आदल्या रात्रीच फोन चार्ज करा, जागा मोकळी करा आणि ट्रायपॉड पक्क्या फरशीवर उभा करा. आई बसण्यापूर्वी जाते रिकामे फिरवू नका, कारण त्याने दगड झिजतो. दोन मुठी दाणे घाला आणि तुम्ही स्वतः चार फेरे फिरवून दोन मिनिटांचे चित्रण करा. हे चाचणीचे चित्रण करताना एअरप्लेन मोड मुद्दाम लावू नका. घरातल्याच कोणाला तरी लागोपाठ दोनदा फोन करायला सांगा, म्हणजे तुमचा फोन नेमका काय करतो ते कळेल. मग ते चित्रण कानात इअरफोन घालून ऐका आणि चौकटीकडे पाहा. थरथर दिसली तर ट्रायपॉडची जागा बदला. सगळे ठीक वाटले की एअरप्लेन मोड, वाय-फाय, गजर या क्रमाने पाहून घ्या, कॅमेरा उघडा, चिन्हांची दिशा तपासा आणि बटण दाबा. एकदा सुरू झाले की ओवी संपेपर्यंत फोनला हात लावू नका. दोन ओव्यांच्या मधल्या वेळात, आई दाणे घालते तेव्हा, सेकंदांचा आकडा पुढे सरकतो आहे ना, एवढे लांबून पाहा. चित्रण संपल्यावर एअरप्लेन मोड काढायला विसरू नका; मुलगा काळजीत असेल.

राहिले जुन्या चित्रणाचे. वरून घेतलेले आडवे चित्रण पूर्ण वाचवता येईल. त्यात चित्र सगळे आहे, फक्त फिरवण्याची सूचना चुकली आहे. फोनच्या गॅलरीत तो व्हिडिओ उघडून संपादनात जा, कापण्याच्या चिन्हाखाली फिरवण्याचे बटण असते, ते एकदा किंवा तीनदा दाबा आणि प्रत म्हणून साठवा. मूळ फाइल तशीच ठेवा. थरथरणारे चित्रण गूगल फोटोजसारख्या अॅपमधल्या स्थिर करण्याच्या सोयीने थोडे सुधारेल. त्यात कडा कापल्या जातात, म्हणून चौकटीच्या काठाशी असलेला खुंटा किंवा आईचा हात अधूनमधून बाहेर जाऊ शकतो. तसे झाले तर मूळच बरे. थरथरले तरी त्यातला आवाज तुमच्याकडे आहे, तो सोडू नका. ज्या ओवीवर घंटी वाजली तिथला आवाज मात्र स्वच्छ वेगळा काढणे कठीण आहे, कारण घंटी आणि आईचा गळा एकाच माइकमध्ये एकदम शिरले आहेत. तेवढी एक ओवी आणि तुटल्यानंतर राहिलेल्या ओव्या आईकडून पुन्हा म्हणवून घ्या. पुन्हा म्हणताना शब्द थोडे बदलले तर तिला थांबवू नका. दोन्ही पाठ ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख घाला.